‘इतर’च्या पाकळीत कोण कोण?

पाच सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि त्यात २०११ च्या जनगणनेतल्या भाषा वृत्तालेखाने दाखवा. संस्कृत ही मातृभाषा नोंदवणारे लोक होते २४,८२१, आणि देशाची लोकसंख्या होती १२१ कोटींवर. दहावीत शिकलेलं सूत्र लावलं, म्हणजे घटक भागिले एकूण गुणिले ३६०, तर संस्कृतच्या पाकळीची परिघावरची रुंदी केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकीही भरत नाही. तरी ती काढलेली असते. तिला वेगळा रंग दिलेला असतो आणि बाजूच्या सूचीत तिचं नावही असतं. ‘भारतातील भाषा’ या विषयावरचे असे तक्ते शाळांच्या प्रदर्शनांत आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत नेहमी दिसतात: आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषा आणि शेवटी ‘इतर’.

या तक्त्यात गर्दी नेमकी कुठे होते ते पाहू. हिंदी ४३.६३ टक्के, बंगाली ८.०३, मराठी ६.८६, तेलुगू ६.७०, तमिळ ५.७०, गुजराती ४.५८, उर्दू ४.१९, मग कन्नड, ओडिया, मल्याळम, पंजाबी, आसामी आणि १.१२ टक्क्यांवर मैथिली. या तेरा भाषा मिळून ९४.४० टक्के होतात. इथपर्यंत डोळा कसाबसा टिकतो. त्यापुढे संताळी, काश्मिरी, नेपाळी, सिंधी, डोगरी, कोकणी, मणिपुरी, बोडो आणि संस्कृत या नऊ भाषा मिळून केवळ २.३१ टक्के, म्हणजे सव्वाआठ अंशांच्या कोनात बसतात. आपल्या वर्तुळाच्या परिघावर ही जागा जेमतेम सात मिलिमीटर आहे. सात मिलिमीटरमध्ये नऊ रंग आणि नऊ नावं घालायची, तर नावं एकमेकांवर चढतात, बाणांच्या रेघा गुंततात आणि निळ्याच्या दोन छटांतली कोकणी कोणती नि डोगरी कोणती हे सांगता येत नाही. माहिती छापलेली असते, पण वाचता येत नाही.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे बारीक पाकळ्या एकत्र करून ‘इतर’ करणे. उपाय बरोबर आहे. माझा आक्षेप आहे तो ‘इतर’मध्ये कोणाला टाकायचं हे ठरवण्याच्या रीतीवर.

वरच्या तक्त्यात ‘इतर’ आधीपासून आहेच. बावीस भाषांनंतर उरतात ३.२९ टक्के, म्हणजे अनुसूचीत नसलेल्या ९९ भाषा आणि त्याखेरीज जनगणनेनेच केलेली एक ‘इतर’ ओळ. देशभर दहा हजारांहून कमी लोकांनी नोंदवलेली मातृभाषा जनगणना १९७१ पासून वेगळी छापत नाही, ती या ओळीत जाते. मुद्दा त्या ९९ भाषांचा आहे. त्यांत भिली (जनगणनेच्या यादीत भिली/भिलोडी) आहे आणि तिचे भाषक १ कोटी ४ लाख आहेत, म्हणजे ०.८६ टक्के. संताळी ७३.६८ लाख, काश्मिरी ६७.९७ लाख, भिली दोघींपेक्षा मोठी. गोंडीचे भाषक २९.८४ लाख, नेपाळीच्या २९.२६ लाखांपेक्षा थोडे जास्त. आपली खानदेशी, जिच्यात जनगणना अहिराणी धरते, १८.६० लाख, मणिपुरी आणि बोडो या दोघींपेक्षा अधिक. म्हणजे या वर्तुळात २४,८२१ जणांना नाव मिळतं आणि एक कोटी चार लाख जण ‘इतर’ ठरतात.

हे का घडतं, तर हा ‘इतर’ आकाराने केलेला नसतो, अनुसूचीने केलेला असतो. अनुसूची हा घटनेतला विषय आहे, त्याला त्याची कारणं आहेत, आणि तक्त्याचं शीर्षक ‘अनुसूचित भाषांचे भाषक’ असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण वृत्तालेखात पाकळीची रुंदी ही संख्या सांगते, त्यामुळे वाचक साहजिकच धरून चालतो की ज्यांना नाव नाही ते सगळे सर्वांत लहान असणार. तो समज इथे खोटा ठरतो आणि तक्ता त्याला त्याचा पत्ताही लागू देत नाही.

तेव्हा आधी कसोटी एकच ठेवायची आणि ती सगळ्यांना लावायची. समजा, एक टक्का. आता नावं उरतात तेरा, आणि संताळीपासून संस्कृतपर्यंतच्या नऊ भाषा ९९ बिगर-अनुसूचित भाषांशेजारी जाऊन बसतात. ‘इतर’ होतो १०८ भाषांचा आणि ५.६० टक्क्यांचा. तमिळपेक्षा किंचित लहान, गुजरातीपेक्षा मोठा. चालेल.

कसोटी आणखी वाढवायचा मोह होतो, कारण चौदा पाकळ्याही काही कमी नाहीत. तीन टक्क्यांवर नेली तर मल्याळम, पंजाबी, आसामी, मैथिली गळतात, नऊ नावं राहतात, आणि ‘इतर’ १३.६० टक्के होऊन हिंदीच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर येतो. पाच टक्क्यांवर नेली तर पाचच नावं आणि ‘इतर’ २९ टक्क्यांवर. चित्र सुरेख सुटसुटीत दिसतं, पण भारतातली दुसरी मोठी भाषा कोणती, तर ‘इतर’, असं उत्तर देणारा तक्ता काय कामाचा? ‘इतर’ ही पाकळी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर चढायला लागली की गाळणीची भोकं फार मोठी झाली असं समजावं, किंवा हा विषय वर्तुळात मावणाराच नाही हे मान्य करून आडव्या पट्ट्यांचा आलेख काढावा. माझा कल खरं तर पट्ट्यांकडेच असतो. पण शाळेला, मासिकाला, कार्यालयाला वर्तुळच हवं असतं, तेव्हा एक टक्क्यावर थांबू.

आता ५.६० टक्क्यांची ती पाकळी उघडून दाखवायची आहे. तिला करडा रंग द्यावा आणि आकार काहीही असला तरी तिची जागा शेवटी ठेवावी. ती भाषा नाही, गठ्ठा आहे, हे रंगावरून आणि जागेवरून कळलं पाहिजे. तिच्यावर नुसतं ‘इतर’ न लिहिता ‘इतर १०८ भाषा, ५.६० टक्के’ असं लिहावं. या एका आकड्याने बराच फरक पडतो, कारण साडेपाच टक्के तीन भाषांचे की शंभर भाषांचे, हे वाचकाला एरवी कळायला मार्ग नसतो. दहा हजारांखालच्या त्या ओळीचा उल्लेख तळटिपेत करावा.

मग बाजूला एक उभी पट्टी काढून तिच्यात ‘इतर’चे तुकडे मांडावेत. सगळे १०८ नाहीत, नाहीतर गर्दी तिथे जाईल. वीस लाखांची रेघ धरली तर आठ भाषा मिळतात: भिली, संताळी, काश्मिरी, गोंडी, नेपाळी, सिंधी, डोगरी, कोकणी. यांचे मिळून ३.१५ टक्के. उरलेल्या शंभर भाषांचे २.४५. हा झाला ‘इतर’मधला ‘इतर’, आणि तिथे एक छोटी ओळ जोडावी: यातली सर्वांत मोठी भाषा कुडुख, १९.८८ लाख. गठ्ठ्यातला सर्वांत मोठा घटक सांगितला की नाव दिलेल्यांपेक्षा मोठं कोणी आत दडलेलं नाही, याची खात्री वाचकाची वाचकालाच करून घेता येते. अनुसूचीवाल्या तक्त्यावर हीच ओळ लिहायची वेळ आली असती, तर भिलीचं नाव लिहावं लागलं असतं आणि तिथेच चूक उघडी पडली असती.

एक्सेलमध्ये यासाठी `Bar of Pie` नावाचा तयार प्रकार आहे, पण त्यात एक खोच आहे. पट्टीत काय जावं हे `Split Series By` मध्ये ठरतं आणि बहुतेक जण तिथे `Percentage value` निवडून एक टक्का भरतात. तसं केलं की आपली ‘उरलेल्या शंभर भाषा’ ही २.४५ टक्क्यांची ओळ एक टक्क्याहून मोठी असल्यामुळे मुख्य वर्तुळात उडी मारते आणि मल्याळम-पंजाबींच्या बरोबरीने भाषा म्हणून मिरवते. त्यापेक्षा या नऊ ओळी यादीच्या अगदी शेवटी ठेवाव्यात, `Position` निवडावं आणि दुसऱ्या आकृतीत नऊ मूल्यं असं सांगावं. दुसरी अडचण डोळ्यांची आहे. पट्टीची पूर्ण उंची म्हणजे शंभर टक्के नव्हे, ५.६० टक्के, तरी पट्टीतला भिलीचा तुकडा चांगला ठसठशीत दिसतो आणि वाचक त्याची तुलना शेजारच्या मराठीच्या पाकळीशी करून बसतो. म्हणून पट्टीतल्या प्रत्येक तुकड्यावर देशाच्या एकूण लोकसंख्येतली टक्केवारी लिहावी, पट्टीतली नव्हे.

या मांडणीत संस्कृतचं नाव चित्रात येत नाही. मणिपुरी आणि बोडोही येत नाहीत, त्याबद्दल कोणीतरी रागावणार. आकड्यांचा पूर्ण तक्ता चित्राखाली किंवा पुढच्या पानावर द्यावा. तिथे २४,८२१ हा आकडा स्पष्ट वाचता येतो, केसाच्या दशांशात शोधावा लागत नाही. कुठला तुकडा बाहेर काढायचा हे वाचक कोण यावरही थोडं अवलंबून असतं. धुळे-जळगावच्या शाळेसाठी तक्ता असेल तर खानदेशीला तळटिपेत जागा द्यायला माझी हरकत नाही, फक्त ती खास दिली आहे हे लिहावं. आणि देशाचा तक्ता राज्याला चिकटवू नये. देशात ०.१९ टक्के असलेली कोकणी त्याच जनगणनेत गोव्यात ६६ टक्के आहे, मराठी तिथे ११ टक्क्यांच्या आसपास. देशाच्या वर्तुळातून उचललेली नावांची यादी गोव्यासाठी वापरली तर सर्वांत मोठी भाषाच ‘इतर’मध्ये जाईल.

‘इतर’ची पाकळी कितीही काळजीने उघडली तरी तिच्याने न सुटणारी एक गोष्ट याच वर्तुळात आहे. ४३.६३ टक्क्यांच्या हिंदीत ५२.८३ कोटी लोक आहेत. त्यांपैकी मातृभाषा म्हणून हिंदीच सांगणारे ३२.२२ कोटी. बाकीच्यांनी भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी, मगही अशी नावं सांगितली होती आणि जनगणनेने ती हिंदीखाली एकत्र केली. एकटी भोजपुरी ५.०६ कोटींची आहे, उर्दूच्या ५.०८ कोटींना जवळपास गाठणारी. हा गठ्ठा तक्ता काढणाऱ्याने बांधलेला नाही, त्यामुळे तो सोडायचा अधिकारही त्याला फारसा नाही. पण हिंदीच्या पाकळीजवळ एक फुली आणि खाली ‘भोजपुरी, राजस्थानी इत्यादी धरून’ एवढे शब्द लिहायला जागा नक्कीच असते. ती तर वर्तुळातली सर्वांत रुंद पाकळी आहे.