जिल्हेजचा चाँद आणि बकरीद

बकरीदची तारीख ठरते ती दहा दिवस आधीच्या संध्याकाळी. जिल्काद महिन्याच्या 29 तारखेला सूर्यास्तानंतर पश्चिमेला चंद्रकोर दिसली, तर दुसऱ्या दिवशी जिल्हेज हा इस्लामी वर्षाचा बारावा आणि अखेरचा महिना सुरू होतो. दिसली नाही, तर जिल्काद 30 दिवसांचा धरतात. जिल्हेजची 1 तारीख ठरली की हजचे सगळे दिवस ठरतात आणि 10 तारखेला बकरीद येते.

8 तारखेला यात्रेकरू इहराम बांधून मक्केजवळच्या मिनाला मुक्कामी जातात. 9 तारीख अरफातची. दुपार कलल्यापासून सूर्यास्तापर्यंत त्या मैदानात उभे राहून प्रार्थना करायची, हा हजचा गाभा आहे. तो चुकला तर हजच होत नाही. एरवी इस्लामी दिवस सूर्यास्ताला बदलतो. तरीही वाटेत अडकलेला यात्रेकरू 10 तारखेच्या पहाटेपूर्वी अरफातला पोहोचला, तर त्याचा हज वाया जात नाही. नियमातली ही सवलत फार माणुसकीची आहे.

सूर्यास्तानंतर सगळे मुझदलिफाला येतात. रात्र उघड्यावर काढून बरेच जण तिथेच खडे वेचतात. 10 तारखेला मिनात जमरा अकबा या भिंतीवर सात खडे मारायचे, मग कुर्बानी, मग केस उतरवायचे. इब्राहिमांनी मुलाचा बळी द्यायची तयारी दाखवली, त्या प्रसंगाची आठवण म्हणून त्याच दिवशी जगभर कुर्बानी होते. तीच बकरीद.

मात्र हज मक्केत, चंद्रदर्शन ज्याच्या त्याच्या मुलखात. 2025 मध्ये 27 मेच्या सकाळी साडेआठच्या सुमारास अमावास्या संपली. त्या संध्याकाळी सौदी अरेबियात चंद्र दिसल्याचे जाहीर झाले. तिथे 5 जूनला अरफात आणि 6 जूनला ईद झाली. भारतात सूर्य अडीच तास आधी मावळतो, म्हणून कोर तेवढी कोवळी आणि सूर्याला चिकटलेली राहते. इथला जिल्हेज 29 मेपासून मोजला गेला. आदल्या संध्याकाळी पंचांगात ज्येष्ठ शुद्ध द्वितीया होती, म्हणजे ती बीजेचीच कोर. त्यामुळे महाराष्ट्रात बकरीद 7 जूनला आली. कॅलेंडरात महिनोन्महिने आधी छापलेली तारीख म्हणूनच कधी एका दिवसाने सरकते.

कुर्बानीची मुदतही तारखेवरच चालते. हनफी पंथात ती 12 तारखेच्या सूर्यास्ताला संपते, शाफईंमध्ये 13 तारखेच्या. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यामुळे रत्नागिरीच्या घराला एक दिवस जास्त मिळतो.

या कालगणनेत अधिक महिना नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान राहते. 2024 ची बकरीद भारतात 17 जूनला होती, पुढच्या वर्षी ती दहा दिवस अलीकडे आली. अशीच मागे सरकत ती साधारण 33 वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येते.