ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी दोन आकडे पाहा



गेल्या महिन्यात एका संध्याकाळी शेजारच्या वहिनी गाडीची किल्ली हातात घेऊनच आमच्याकडे आल्या. "भाऊजी, तो पिवळा दिवा पुन्हा लागलाय. गॅरेजवाला म्हणतो ऑक्सिजन सेन्सर गेला, साडेसात हजार होतील. टाकू का बदलून?"

त्यांची गाडी २०१४ सालची, दीड लिटर इंजिनाची, पेट्रोलवर चालणारी. दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा गॅरेजमध्ये कोड पुसून दिला होता. चार-पाच दिवसांनी दिवा परत आला. मी विचारलं, "चालवताना काही जाणवतं का?" वहिनी म्हणाल्या, "अशोका पिलरच्या सिग्नलला उभी राहिली की थरथरते. रस्त्याला लागली की एकदम ठीक."

या शेवटच्या वाक्यातच अर्धं निदान होतं. ते कसं, हे कळायला आधी गाडी पेट्रोल मोजते कशी ते पाहू या.

इंजिनाचं नियंत्रण करणारा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोलपासून सुरुवात करत नाही. तो आधी हवा मोजतो. आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा खरं तर हवेची झडप उघडते. किती हवा आत आली ते पाहून तिला पुरेल इतकंच पेट्रोल ईसीयू सोडतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण सांभाळलं तरच सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर नीट स्वच्छ करू शकतो.

हवा मोजण्याचं काम एअर फिल्टरच्या लगेच पुढे बसवलेला एअरफ्लो सेन्सर करतो. त्यात एक बारीक तार किंवा पातळ पट्टी विजेने तापवलेली असते. वाहती हवा तिला थंड करते आणि ती ठरलेल्या तापमानावर टिकवायला जितकी वीज लागते, त्यावरून किती ग्रॅम हवा गेली ते कळतं. इथे महत्त्व वजनाला आहे. आपलं बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा जवळपास एक दशांशाने विरळ असते. कार्ब्युरेटरला हा फरक आपोआप कळत नसे. तापलेल्या तारेला तो लगेच कळतो, कारण विरळ हवा तिला कमी थंड करते. (बऱ्याच लहान गाड्यांत हा सेन्सर नसतो. त्या आतल्या हवेचा दाब मोजून हिशेब करतात. वहिनींच्या गाडीत मात्र एअरफ्लो सेन्सर आहे.)

आता हिशेब. गाडी उभी आहे, इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत आहे. चार सिलिंडर मिळून सेकंदाला २५ वेळा हवा ओढतात. इंजिनाला त्या वेळी सेकंदाला २.४ ग्रॅम हवा लागते असं धरू. म्हणजे एका वेळेला ९६ मिलिग्रॅम हवा आणि तिच्यासाठी साडेसहा मिलिग्रॅम पेट्रोल. पाण्याच्या एका थेंबाचं वजनही याच्या कितीतरी पट असतं! इतकं पेट्रोल सोडायला इंजेक्टर एका सेकंदाच्या काही हजारांश भागापुरताच उघडतो.

हा झाला अंदाज. तो बरोबर होता की नाही, हे सांगतो ऑक्सिजन सेन्सर. तो धुराच्या नळीत बसतो आणि जळून बाहेर पडलेल्या वायूतल्या ऑक्सिजनची तुलना बाहेरच्या हवेशी करतो. ऑक्सिजन उरला असेल तर त्याचा व्होल्टेज ०.१ च्या आसपास पडतो. त्याला मेकॅनिक 'लीन' म्हणतात, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. ऑक्सिजन जवळजवळ संपला असेल तर व्होल्टेज ०.९ कडे चढतो, म्हणजे 'रिच', पेट्रोल जास्त झालं. स्वयंपाकात मीठ घालणारा एक आणि आमटी चाखून सांगणारा दुसरा, अशी ही जोडी आहे. चाखणारा "कमी" म्हणाला की ईसीयू थोडं वाढवतो, "जास्त" म्हणाला की थोडं कमी करतो. इंजिन तापल्यावर हे अखंड चालू असतं, म्हणून चांगल्या सेन्सरचा व्होल्टेज सतत वर-खाली होत राहतो. इंजिन गार असताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना मात्र ईसीयू चाखणाऱ्याचं ऐकत नाही, आपल्या ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे चालतो.

ही दुरुस्ती ईसीयू दोन आकड्यांत ठेवतो. स्कॅनरवर ते STFT आणि LTFT या नावांनी दिसतात. पहिला आकडा क्षणाक्षणाची दुरुस्ती दाखवतो. दुसरा म्हणजे सवयीने शिकून ठेवलेली दुरुस्ती. पाच-सात टक्के इकडे-तिकडे चालतं. दोन्ही मिळून साधारण पंचविशीच्या पलीकडे गेले आणि तिथेच राहिले की ईसीयू हार मानतो, P0171 हा कोड नोंदवतो आणि पिवळा दिवा लावतो. P0171 चा अर्थ 'मिश्रण फार लीन आहे' एवढाच. 'सेन्सर बिघडला' असा त्याचा अर्थ नाही. कोड पुसला की बहुतेक गाड्यांत शिकलेली दुरुस्तीही पुसली जाते. ईसीयू पुन्हा शून्यापासून शिकतो, पुन्हा तिथेच पोचतो आणि दिवा परत येतो. वहिनींना मिळालेले चार-पाच दिवस हेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा छोटा स्कॅनर त्यांच्या गाडीत स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटला लावला आणि मोबाइलवर आकडे पाहिले. कोड P0171 च होता. ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.८ मध्ये झपाझप नाचत होता, म्हणजे तो जिवंत होता आणि नीट चाखत होता. मग इंजिन तापू दिलं आणि दोन्ही दुरुस्त्यांची बेरीज दोनदा लिहून घेतली. गाडी नुसती उभी असताना: +२८ टक्के. अ‍ॅक्सिलरेटर दाबून २५०० फेऱ्यांवर धरल्यावर: +१२ टक्के.

या फरकातच चोर सापडतो. समजा हवेच्या झडपेच्या पुढे कुठेतरी रबरी नळीला चीर पडली आहे. तिथून सेकंदाला ०.४ ग्रॅम हवा सेन्सरला चुकवून आत शिरते. गाडी उभी असताना इंजिनाला २.४ ग्रॅम हवा मिळते, पण सेन्सरला फक्त २ ग्रॅम दिसते. पेट्रोल २ ग्रॅमच्या हिशेबाने सुटतं आणि ते २० टक्के वाढवावं लागतं. २५०० फेऱ्यांवर सेन्सरला ८ ग्रॅम दिसते. चिरीतून येणारी हवा मात्र तेवढीच, ०.४ ग्रॅम. आता चूक फक्त ५ टक्क्यांची. म्हणून सिग्नलला थरथर, आणि रस्त्यावर सगळं सुरळीत.

एअरफ्लो सेन्सर मळला असता किंवा पेट्रोल पंप थकला असता, तर उलटं दिसलं असतं. जोर लावला की आकडा वाढला असता आणि गाडी चढावर ओढायला कुरकुरली असती.

आम्ही गाडी ओळखीच्या एका वयस्कर मेकॅनिककडे नेली. त्यांनी आत धूर सोडून पाहिला. इंजिनाच्या झाकणापासून आतल्या हवेच्या नळकांड्याकडे जाणारी रबराची नळी खालच्या बाजूने तडकली होती. वरून पाहिलं तर काही दिसत नव्हतं, धूर मात्र तिथूनच बाहेर आला. नळी जे. सी. रोडवर काही शे रुपयांत मिळाली. (घरी कोणी स्प्रे मारून गळती शोधायचा सल्ला दिला तर ऐकू नका. तापलेल्या इंजिनावर तो स्प्रे पेट घेऊ शकतो.)

आठवड्याने पुन्हा आकडे पाहिले. उभी असताना +७, २५०० वर +७. वहिनींनी लगेच विचारलं, "मग हे सात का उरले?"

हे सात कुठल्याही चिरीचे नव्हते, कारण दोन्हीकडे सारखेच होते. ते पेट्रोलचे होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी इथे बंगळुरूतच, इंडिया एनर्जी वीकमध्ये, २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल देशात पहिल्यांदा विक्रीला आलं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला वजनाच्या सुमारे ९ पटच हवा लागते. २० टक्के मिश्रणासाठी प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला घनफळाने सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. २०१४ च्या गाडीला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ऑक्सिजन सेन्सरने चाखून सांगितलं आणि ईसीयूने ते शिकून घेतलं. जो सेन्सर साडेसात हजारांना बदलला जाणार होता, त्यानेच गाडी नव्या इंधनाशी जुळवून घेतली होती. हे सात टक्के पेट्रोल खरोखरच जास्त जातं. चिरीचे वीस टक्के तसे नव्हते. ती हवा इंजिनात येतच होती, फक्त मोजली जात नव्हती.

मात्र चाखणाराही फसतो, हे लक्षात असू द्या. एखादा स्पार्क प्लग पेटला नाही तर न जळलेला ऑक्सिजन तसाच धुरात येतो. धुराच्या नळीला सेन्सरच्या आधी भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. दोन्ही वेळा सेन्सर "लीन" म्हणतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. हे बरेच दिवस चाललं तर कन्व्हर्टर अति तापून खराब होऊ शकतो. सेन्सर स्वतः बिघडतोही. पण तेव्हा त्याचा व्होल्टेज एका जागी चिकटतो किंवा सुस्तावतो, आणि बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा वेगळा कोड येतो.

तेव्हा वाचकहो, कोणी "ऑक्सिजन सेन्सर गेला" म्हणालं तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. कोड कोणता आहे? सेन्सरचा व्होल्टेज हलतोय का? आणि दुरुस्तीचा आकडा उभ्या गाडीत किती, २५०० वर किती? ज्याने खरंच तपासलं आहे, तो ही उत्तरं लगेच देईल.

वहिनींनी परवा हाच प्रश्न आपल्या भावाला फोनवर विचारला. त्याची गाडी गॅरेजमध्ये होती.