संसार आणि बाजार : तांदळाला घड्याळाचें नांव

गोंदिया जिल्ह्यांत भाताशिवाय जेवण पुरें होत नाहीं. वैनगंगेच्या व बाघ नदीच्या खोऱ्यांत धान पिकतें, गोंदिया शहराच्या गिरण्यांत तें कांडलें जातें आणि तेथून पोतीं बाहेरगांवीं जातात. अशा मुलखांत तांदूळ निवडतांना घरोघरच्या मंडळींची नजर पक्की असावी, दाणा पाहून, वास घेऊन, जुना कीं नवा हें ओळखून माल घेतला जावा, अशी आपली कल्पना असते. ती बरीचशी खरीहि आहे. तथापि दुकानांत उभें राहून पाहिलें तर गिऱ्हाईक प्रथम दाणा मागत नाहीं, नांव मागतें. ‘चिन्नोर आहे का?’, ‘श्रीराम द्या’, आणि सर्वांत अधिक वेळां, ‘एच.एम.टी. द्या.’

हें शेवटचें नांव ऐकून नवख्या माणसास हसूं येईल. एच.एम.टी. म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, घड्याळें करणारा सरकारी कारखाना. त्याचा धानाशीं संबंध काय? संबंध असा. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, नागभीड तालुक्यांतील नांदेड या खेड्यांत दादाजी रामाजी खोब्रागडे नांवाचे अल्पभूधारक शेतकरी होते. 1983 सालीं ‘पटेल 3’ या जातीच्या धानांत त्यांना कांहीं वेगळ्या, पिवळसर ओंब्या दिसल्या. त्यांनीं त्या वेचून ठेवल्या, पुढच्या हंगामांत वेगळ्या पेरल्या, आणि असें वर्षानुवर्षें करीत बारीक दाण्याचें, चांगलें उतरणारें एक वाण सिद्ध केलें. त्या वाणास नांव नव्हतें. 1990 च्या सुमारास तें व्यापाऱ्याच्या हातीं गेलें, तेव्हां त्या काळीं लोकांच्या मनगटावर मिरवणाऱ्या घड्याळाचें नांव त्यानें त्या धानास देऊन टाकलें. पुढें 1994 मध्यें अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्रानें त्याचें बी नेलें, आणि 1998 सालीं विद्यापीठाचें शुद्ध वाण ‘पीकेव्ही एच.एम.टी.’ म्हणून प्रसिद्ध झालें. खोब्रागडे यांस 2005 सालीं राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या हस्तें गौरव मिळाला. 2018 च्या जूनमध्यें ते वारले.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें वाणिज्य शाखेंत शिकतात, त्यांना ‘ग्राहक अमुकच छाप कां निवडतो?’ या विषयावर निबंध लिहावा लागतो. त्यांना परदेशी उदाहरणें पाठ करण्याची गरज नाहीं. हें तांदळाचें नांव पुरेसें आहे. व्यापाऱ्यानें त्या धानास ‘बारीक दाणा’ किंवा ‘नांदेडचा’ असें कां म्हटलें नाहीं? दाण्याचे गुण तर तेच राहणार होते. परंतु त्या वेळीं त्या घड्याळाला एक अर्थ चिकटलेला होता : लग्नांत जांवयास देण्याजोगी, नोकरी लागल्यावर घेण्याजोगी, वेळेला चुकणार नाहीं अशी वस्तु. तो अर्थ व्यापाऱ्यानें उसना घेतला. तांदूळ विकत घेणारा माणूस त्याबरोबर आपल्याविषयींचें एक मतहि विकत घेऊं लागला.

येथें एक भेद प्रथमच स्पष्ट केला पाहिजे, कारण निबंध लिहिणारे बहुधा तेथेंच घसरतात. मॅस्लो या मानसशास्त्रज्ञानें 1943 सालीं मनुष्याच्या गरजांच्या पायऱ्या मांडल्या : भूक-तहान, सुरक्षितता, आपुलकी, मान, आणि शेवटीं स्वतःच्या शक्तींचा विकास. ही मांडणी विद्यार्थी प्रत्येक वस्तूस लावतात. परंतु ती फार तर माणूस तांदूळ कां घेतो तें सांगेल. दहा पोत्यांतून एकच पोतें कां उचलतो तें सांगणार नाहीं. भूक कोणत्याहि तांदळानें भागते. छापेचा प्रश्न पोट भरण्याची सोय झाल्यानंतर सुरू होतो, आणि त्याचें उत्तर गरजेच्या पायरीपेक्षां माणसाच्या आत्मप्रतिमेंत, म्हणजे ‘मी कोण’ याविषयींच्या त्याच्या स्वतःच्या समजुतींत, अधिक सांपडतें.

ही आत्मप्रतिमा एकेरी नसते. अभ्यासकांनीं तिचे चार पदर मानले आहेत : आपण आहों तसे, आपणांस व्हावेंसें वाटतें तसे, लोकांना आपण दिसतों असें आपणांस वाटतें तसे, आणि लोकांना आपण दिसावें असें वाटतें तसे. गोंदियाकडील एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबाचें कोठार डोळ्यांपुढें आणा. रोजच्यासाठीं एक साधा तांदूळ, आणि सणासाठीं, पाहुण्यासाठीं, कार्यासाठीं दुसरा, असे दोन तांदूळ तेथें सहज असतात. घर तेंच, जिभा त्याच, चूलहि तीच. बदलतें तें एवढेंच कीं पहिला तांदूळ घरच्यांच्या नजरेपुढें शिजतो आणि दुसरा परक्यांच्या. रोजच्या तांदळांत पहिला पदर बोलतो, व्याह्यांच्या पंगतींत चौथा. म्हणून ‘अमुक कुटुंबाची आवडती छाप कोणती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या प्रसंगीं, कोणाच्या देखत?’ हें विचारल्यावांचून त्याचें उत्तर येत नाहीं.

आतां अडचण अशी कीं हें कारण कोणी तोंडानें सांगत नाहीं. विचारा, तर उत्तर येतें, ‘चव चांगली.’ यांत खोटेपणा असतोच असें नाहीं. पुष्कळदां सांगणाऱ्यालाच आंतलें कारण ठाऊक नसतें. या अडचणीवर अमेरिकेंत मेसन हेअर या मानसशास्त्रज्ञानें योजलेला उपाय 1950 सालीं प्रसिद्ध झाला. तो इतका साधा आहे कीं येथें सविस्तर देतों.

त्या वेळीं तिकडे पाण्यांत टाकतांच तयार होणारी कॉफीची पूड नवी आली होती. ती न घेणाऱ्या गृहिणी सांगत, ‘तिची चव आवडत नाहीं.’ हेअरनें वाणसामानाच्या दोन याद्या केल्या. मांस, पाव, गाजरें, बेकिंग पावडर, डब्यांतील पीच, बटाटे, हे सहा जिन्नस दोन्हींत तेच. सातवा जिन्नस एका यादींत नेसकॅफेची तयार कॉफी, दुसरींत मॅक्सवेल हाऊसची नेहमीची दळलेली कॉफी. मग पन्नास स्त्रियांना एक यादी आणि दुसऱ्या पन्नास स्त्रियांना दुसरी देऊन तो इतकेंच म्हणाला : ही यादी करणारी बाई कशी असेल, तिचें वर्णन करा. आपणांस कॉफीबद्दल विचारलें जात आहे याची कोणासहि कल्पना नव्हती.

तयार कॉफीच्या यादीवरून शेंकडा 48 जणींनीं ती बाई आळशी ठरविली. तितक्याच जणींनीं तिला संसाराची आंखणी जमत नाहीं असें म्हटलें. शेंकडा 16 जणींनीं ती चांगली गृहिणी नाहीं असाहि शेरा मारला. दळलेल्या कॉफीच्या यादीवर हा शेवटचा शेरा एकीनेंहि दिला नाहीं. अंतर होतें तें केवळ एका डब्याचें! खरी अडचण चवीची नव्हती. तो डबा घरांत आणला तर आपण कोण ठरूं, ही होती. पुढें हेअरनें घरांतील फडताळेंहि तपासविलीं, तेव्हां ज्यांच्याकडे तयार कॉफी होती त्या तिच्याविषयीं पुष्कळच मवाळ बोलत असें दिसलें.

आमच्या घरांना हा प्रयोग परका वाटूं नये. तयार पिठाची पिशवी, विकतच्या पुरणपोळ्या, मसाल्याचें पाकीट हीं घरांत आल्यावर सासूबाईंच्या भिवया उंचावतात त्या पदार्थासाठीं नव्हे, तर तो आणणाऱ्या सुनेसाठीं. सूनहि ‘घरच्यासारखी चव नाहीं’ म्हणून तें परत ठेवते. तिच्या मनांत चव नसून तो शेरा असतो. छापेच्या निवडीचा हा भार घरांतील एकाच माणसावर पडतो, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. तसाच हाहि भाग कीं असे शेरे कायमचे नसतात. 1970 मध्यें तोच प्रयोग पुन्हां केल्याचें प्रसिद्ध झालें, तेव्हां तयार कॉफीवरचा तो डाग उरला नव्हता. तोंपर्यंत ती घरोघर पोंचली होती.

विद्यार्थ्यानें हाच प्रयोग गोंदियाच्या वाणसामानावर करून पाहावा. तूरडाळ, तेल, गूळ, हळद अशा सहा जिन्नसांच्या दोन याद्या करून सातव्या जागीं एकींत ‘एच.एम.टी. तांदूळ’ आणि दुसरींत ‘तांदूळ, सुटा’ एवढेंच लिहावें. दोन याद्या एकाच माणसाला दाखवूं नयेत, नाहींतर गुपित फुटतें. आलेल्या वर्णनांतील ‘नीटनेटकी’, ‘काटकसरी’, ‘दिखाऊ’ असे शब्द मोजावे. फरक पडला तर तो त्या नांवाचा अर्थ होय.

परंतु एवढ्यानें चव निकालांत निघत नाहीं. एच.एम.टी.चा दाणा खरोखरच बारीक आहे, आणि नांव पसरण्यापूर्वीं बी गुणानेंच पसरलें होतें. म्हणून दुसरी परीक्षा घ्यावी. डोळे बांधून तीन वाट्यांतील भात चाखावयास द्यावा. दोन वाट्यांत एकच तांदूळ, तिसरींत निराळा, आणि निराळा कोणता तें ओळखावयाचें. बारा माणसांपैकीं चार तर नुसत्या अंदाजानेंहि बरोबर येतील. निदान आठ जणांनीं ओळखलें तरच जिभेला फरक कळतो असें मानावें. त्याहून कमी असून माणसें नांवासाठीं अधिक पैसे मोजत असतील, तर तीं भातासाठीं मोजत नाहींत.

शेवटीं या सिद्धान्ताची मर्यादाहि सांगितली पाहिजे. माणूस व त्याची छाप यांचा मेळ बहुतेक वेळां खरेदी झाल्यानंतर तपासला जातो. मेळ दिसला, तरी स्वभावानुसार वस्तु निवडली कीं वस्तु घेतल्यावर तिच्याप्रमाणें स्वभावाचें वर्णन केलें, हें त्यावरून ठरत नाहीं. शिवाय मीठ, काडेपेटी अशा कोणाच्या नजरेस न येणाऱ्या जिन्नसांत किंमत व संवय यांचेंच राज्य असतें. तेथें आत्मप्रतिमा शोधीत बसणें व्यर्थ होय. आणि जेथें हातांत पैसाच मोजका, तेथें निवड मनाकडे नसून खिशाकडे असते.

त्या घड्याळांच्या कारखान्यास टाळें लावण्याचा निर्णय 2016 सालीं झाला. मनगटावरचें नांव गेलें, ताटांतलें राहिलें. आतां पुष्कळ तरुण गिऱ्हाइकांना ‘एच.एम.टी.’ म्हणजे तांदूळच वाटतो. उसना अर्थ असा कालांतरानें वस्तूचा स्वतःचा होतो. परंतु ज्यांनीं त्या ओंब्या वेचल्या त्या खोब्रागड्यांचें नांव मात्र कोणी दुकानांत मागत नाहीं. पुढल्या खेपेस पोतें घरीं आलें म्हणजे तें नांव घरच्या मुलांना सांगावें.