डॉक्टर म्हणाले ‘घरी जा’, मग संध्याकाळपर्यंत बेड का सुटत नाही? कॅशलेस डिस्चार्जमधले तीन तास नेमके कुठून मोजायचे

सकाळच्या राउंडला डॉक्टर येतात, टाके बघतात आणि म्हणतात, ‘आज डिस्चार्ज.’ नातेवाईक पिशव्या भरायला घेतात, घरी फोन करून वरणभाताचा कुकर लावायला सांगतात. दुपार होते, चार वाजतात. काउंटरवर विचारलं की एकच उत्तर मिळतं, ‘इन्शुरन्सचं अप्रूव्हल आलेलं नाही.’ रात्री आठ वाजता कधीतरी गेटपास हातात पडतो.

खरं तर यावर नियम झालेला आहे. विमा नियामक इर्डाने २९ मे २०२४ ला आरोग्य विम्याबद्दल एक मास्टर सर्क्युलर काढलं. त्यानुसार भरती होतानाच्या कॅशलेस विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. तीन तास उलटले आणि त्या उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे आकारले, तर ते विमा कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या निधीतून भरायचे, असंही त्यात म्हटलंय. उपचारादरम्यान रुग्णाचा मृत्यू झाला, तर दाव्यावर लगेच प्रक्रिया करून पार्थिव तातडीने ताब्यात मिळेल हे कंपनीने बघायचं आहे.

मग तरीही संध्याकाळ का होते? कारण हे तीन तास डॉक्टर ‘घरी जा’ म्हणाले तेव्हापासून सुरू होत नाहीत. रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती विमा कंपनीकडे पोहोचते, तेव्हा घड्याळ सुरू होतं. रुग्णाच्या डोक्यातलं घड्याळ आणि नियमातलं घड्याळ यांत चार-पाच तासांचं अंतर सहज पडतं.

एका दिवसाचा हिशेब

समजा, पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय. बिल १ लाख ४२ हजार. भरतीच्या वेळी कंपनीने सुरुवातीची ६० हजारांची मंजुरी दिली आहे. हा आकडा बघून घाबरू नका. पहिली मंजुरी बऱ्याचदा अंदाजापेक्षा कमीच असते, उरलेली रक्कम शेवटी वाढवून मिळते. पण रुग्णालय अंतिम पत्राशिवाय सोडायला तयार नसतं, त्याचं कारणही हेच. शेवटचा आकडा किती येईल, काय कापलं जाईल, हे त्यांनाही तोपर्यंत माहीत नसतं.

सकाळी साडेनऊला डॉक्टर डिस्चार्ज सांगतात. समरी लिहिणारे निवासी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत, त्यामुळे ती सव्वाबाराला तयार होते. मग न वापरलेली औषधं फार्मसीला परत जातात, वॉर्डमधून फाइल बिलिंगला उतरते आणि पावणेदोनला अंतिम बिल निघतं. त्यावर नातेवाइकाची सही घेऊन सगळी कागदपत्रं २ वाजून १० मिनिटांनी टीपीएच्या पोर्टलवर चढतात. (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी मधली संस्था.) नियमातलं घड्याळ आत्ता सुरू झालं.

३ वाजून २० मिनिटांनी तिकडून क्वेरी येते, ‘ऑपरेशनच्या नोट्स जोडलेल्या नाहीत.’ रुग्णालयाच्या डेस्कवर शिफ्ट बदलण्याची गडबड असते. उत्तर पाच वाजता जातं. सव्वासहाला १ लाख ३१ हजारांची मंजुरी येते. उरलेले ११ हजार भरून, पावती आणि गेटपास घेऊन सव्वासातला माणूस बाहेर.

आता बेरीज करा. एकूण वाट पाहिली पावणेदहा तास. त्यात फाइल प्रत्यक्ष विमा कंपनीच्या बाजूला होती फक्त २ तास २५ मिनिटं, म्हणजे नियमाच्या आत. उरलेले ७ तास २० मिनिटं रुग्णालयाच्या आतच गेले. प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही. कंपनीनेच एकामागून एक क्वेरी काढून दिवस घालवल्याचे अनुभवही भरपूर आहेत. पण ‘इन्शुरन्सकडून आलं नाही’ हे वाक्य दोन्ही वेळा तसंच ऐकू येतं, आणि कुणाच्या मागे लागायचं हे कळायला ते अजिबात उपयोगी नाही.

एक गैरसमजही इथेच दूर करायला हवा. रुग्णालयात ‘टीपीए डेस्क’ अशी पाटी लावून बसलेली माणसं बहुतेक ठिकाणी रुग्णालयाचीच कर्मचारी असतात. त्यांच्याशी भांडून विमा कंपनी हलत नाही.

मग हलवायचं कसं?

पहिला प्रश्न ‘अप्रूव्हल कधी येणार?’ हा नसावा. ‘अंतिम बिल आणि समरी किती वाजता पाठवली?’ असं विचारा आणि पोर्टलवरची किंवा मेलवरची वेळ दाखवायला सांगा. शांतपणे विचारलं तर बहुतेक लोक दाखवतात. नाही म्हणाले, तर हेल्थ कार्डवरच्या हेल्पलाइनला फोन करा. क्लेम नंबर सांगून तीन गोष्टी विचारा: अंतिम कागदपत्रं मिळाली का, किती वाजता, आणि क्वेरी निघाली असेल तर तिचे नेमके शब्द काय. क्वेरी तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर मागून घ्या. अनेक टीपीएंच्या अ‍ॅपमध्येही ती दिसते.

गंमत अशी की अर्ध्या वेळा याच फोनवर कळतं, की कागद अजून पोहोचलेलेच नाहीत. मग धावायचं ते बिलिंगकडे.

क्वेरी असेल तर ती घेऊन स्वतः वॉर्डमध्ये जा. ऑपरेशनच्या नोट्स हव्या असतील तर सिस्टरकडून फाइल मिळवा. डॉक्टरांचं स्पष्टीकरण हवं असेल तर त्यांच्या सहाय्यकाला गाठा. क्वेरी डेस्कच्या इनबॉक्समध्ये पडून राहण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत असाल तर एचआर किंवा ब्रोकरच्या माणसाला त्याच वेळी फोन करा. त्यांच्याकडे कंपनीतल्या थेट माणसाचा नंबर असतो आणि तो हेल्पलाइनपेक्षा लवकर उचलला जातो.

तीन तास उलटले की तोंडी पाठपुरावा पुरेसा नाही. विमा कंपनीच्या तक्रार विभागाच्या मेलवर चार ओळी लिहा: ‘क्लेम नंबर अमुक. रुग्णालयाने डिस्चार्जची विनंती आज २.१० वाजता पाठवली आहे. ५.१० पर्यंत निर्णय आलेला नाही. २९ मे २०२४ च्या इर्डा सर्क्युलरनुसार तीन तासांची मुदत संपली असून यापुढचा खोलीभाडे व इतर खर्च कंपनीने द्यावा.’ सोबत वेळ दिसणारा स्क्रीनशॉट. हा मेल पुढे पैसे मागताना तुमचा पुरावा असतो, कारण जादा दिवसाचं भाडं कंपनी आपणहून क्वचितच देते. ते बिलात वेगळ्या ओळीत लिहून घ्या.

उशीर कागद पाठवण्याआधीचा असेल, तर मात्र हा नियम तुमच्या मदतीला येत नाही. इर्डा विमा कंपन्यांना आदेश देऊ शकते, रुग्णालयांवर तिचा ताबा नाही. व्यवस्थेतली खरी फट इथे आहे: विमा कंपनीला घड्याळ लावलं, रुग्णालयाला त्या सर्क्युलरने लावता आलं नाही. अशा वेळी वैद्यकीय अधीक्षक किंवा बिलिंग प्रमुखांना लेखी सांगा, की डॉक्टरांनी साडेनऊला डिस्चार्ज दिला आहे, तेव्हा दुसऱ्या दिवसाचं भाडं लावू नये.

अप्रूव्हल न येताच निघता येतं का?

येतं, पण कसं निघता याला महत्त्व आहे. रुग्णालय काही रक्कम डिपॉझिट म्हणून घेऊन सोडायला तयार असतं. तसं असेल तर पावतीवर ‘अंतिम मंजुरीनंतर परत करण्यायोग्य’ असं लिहून घ्या आणि कॅशलेस विनंती रद्द होणार नाही याची खात्री करा. पूर्ण बिल भरून नंतर परतावा मागण्याचाही मार्ग आहे. त्यासाठी मूळ बिलं, पावत्या, समरी आणि रिपोर्ट सगळं सोबत घेऊनच बाहेर पडा. नंतर ते मिळवायला चपला झिजतात.

एका कागदापासून मात्र सावध राहा. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध जात आहोत’ अशा फॉर्मवर घाईत सही करू नका. डॉक्टरांनी डिस्चार्ज दिलेला असताना तो फॉर्म खोटा ठरतो, आणि पुढे दाव्यात त्यावरून प्रश्न निघू शकतात.

पैशांसाठी रुग्णाला अडवून ठेवायचं नाही, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत स्पष्ट आहे. पार्थिव अडवण्याबद्दलही तेच. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ च्या नियमांमध्येही रुग्णहक्कांची सनद आली. रुग्णालयाविरुद्धची तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, तर जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाते. याचा अर्थ बिल माफ होतं असा नाही. रुग्णालय वसुली करू शकतं, माणसाला धरून ठेवू शकत नाही.

विमा कंपनीविरुद्ध आधी कंपनीकडे, मग bimabharosa.irdai.gov.in वर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार करता येते. उत्तर पटलं नाही किंवा महिनाभरात आलंच नाही, तर विमा लोकपाल आहेत. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत आणि तिथे फी लागत नाही. पण हे सगळं पैसे परत मिळवण्यासाठी. त्या संध्याकाळी बेड सोडवायला लोकपाल येत नाहीत.

आदल्या रात्रीचं काम

वेळ सगळ्यात जास्त वाचतो तो इथे. ‘उद्या सोडू’ असा अंदाज मिळाला की ड्यूटी डॉक्टरांना समरीचा मसुदा रात्रीच तयार ठेवायची विनंती करा आणि तो वाचा. नाव, वय, पॉलिसी क्रमांक बघाच, पण आजाराचा इतिहास जास्त काळजीने वाचा. दोन वर्षांचा मधुमेह चुकून ‘दहा वर्षांपासून’ असा लिहिला गेला, तर कंपनी लगेच विचारते की पॉलिसी घेताना का सांगितलं नाही. मग जुनी प्रिस्क्रिप्शन्स शोधण्यात दुसरा दिवस जातो. चूक असेल तर समरी पाठवण्याआधी डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या. खरं असेल ते मात्र बदलायला सांगू नका, भरतीच्या कागदांवर ते आधीच लिहिलेलं असतं.

त्याच रात्री बिलिंगमधून आतापर्यंतचं बिल मागा. ग्लोव्हज, डायपर, नोंदणी शुल्क अशा बऱ्याच पॉलिसींत न मिळणाऱ्या गोष्टी कळतात आणि आपल्याला किती भरायचे आहेत याचा अंदाज येतो. वरच्या उदाहरणात ते ११ हजार होते. ते आधीच जवळ ठेवले असते, तर शेवटचा तासही वाचला असता.

हे सगळं खासगी आरोग्य विम्याबद्दल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनेत तीन तासांचा हा नियम लागू नाही, तिथे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठायचं.