मागायचे शाळेसाठी, दाखवायचे काय?

रमजानचा चाँद दिसण्याच्या बरेच आधी मोबाईलवर शाळा-मदरशांचे व्हिडिओ येऊ लागतात. साचा ठरलेला असतो. हळूहळू जवळ जाणारा कॅमेरा, डोळ्यांत पाणी आलेले मूल, फाटकी चप्पल, मागे उदास आवाजातली एखादी नज्म आणि शेवटी बँकेचा खाते क्रमांक. पाहणाऱ्याचे मन हलते, तो पाच-दहा लोकांना पुढे पाठवतो, कधी पैसेही देतो. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे मात्र कुणी विचारत नाही.

यंदा मराठवाड्यातील एका छोट्या संस्थेच्या विश्वस्तांनी आपल्या व्हिडिओचा मसुदा आम्हाला वाचायला दिला. संस्थेची शाळा तालुक्याच्या गावी आहे आणि फी घेतली जात नाही. अडचण वेगळीच आहे. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा आठवीपर्यंतच आहेत. शिक्षण हक्क कायद्याची हमीही तिथेच संपते. नववीसाठी ९ किलोमीटर यावे लागते. शाळकरी मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो हे खरे, पण या रस्त्यावरची पहिली गाडी साडेनऊला येते आणि शाळा साडेसातला भरते. म्हणून २२ मुलींसाठी संस्थेला एक व्हॅन भाड्याने लावायची आहे. भाडे महिना २६,४००, म्हणजे एका मुलीमागे १,२०० रुपये. वर्षाचे दहा महिने धरले तर एका मुलीचे १२,००० आणि सगळ्यांचे मिळून २,६४,०००.

आता मसुदा पाहा. अडीच मिनिटांच्या व्हिडिओत पहिले पाऊण मिनिट वडील वारलेली एक मुलगी पत्र्याच्या घरासमोर उभी राहून रडते. निवेदक सांगतो, या यतीम बच्चीला दुनियेत कुणाचा आधार नाही. मग फाटके दप्तर, आईचे रिकामे डबे, आणि शेवटी आवाहन. व्हॅनचा उल्लेख कुठेच नाही! एसटीची वेळ नाही, १,२०० रुपये नाहीत. रडणे इतके मोठे झाले होते की मागणे काय आहे हेच सांगायचे राहून गेले.

विश्वस्तांचे म्हणणे मात्र आम्ही उडवून लावले नाही. ते म्हणाले, “आपा, रडणारा चेहरा दाखवला की पैसे येतात.” यात तथ्य आहे. अमेरिकेतील डेबोरा स्मॉल आणि निकोल वेरोची यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असेच दिसले की जाहिरातीतल्या मुलाचा चेहरा दुःखी असेल तर हसऱ्या किंवा साध्या चेहऱ्यापेक्षा लोकांची सहानुभूती वाढते आणि देणेही वाढते. त्याआधी २००७ साली स्मॉल, लोवेनस्टाईन आणि स्लोविक यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना पाच डॉलर हातात देऊन त्यातले किती दान कराल असे विचारले. मालीमधल्या रोकिया नावाच्या एका मुलीची गोष्ट वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, नुसती उपासमारीची आकडेवारी वाचणाऱ्यांनी १.१४. गोष्टीला आकडेवारी जोडली तर देणे १.४३ वर आले.

म्हणजे आकड्यांचा तक्ता वाचून कुणाचा हात खिशात जात नाही, एक माणूस समोर लागतो. आमचा मुद्दा त्यापुढचा आहे. तो एक माणूस लहान मूलच असावे, आणि ते रडतानाच दिसावे, हे काही त्यातून ठरत नाही.

रडणारा चेहरा दाखवण्याची किंमत देणाऱ्याला कळत नाही, वर्गात शिकवणाऱ्याला कळते. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर गेला की तो सगळ्यात आधी त्याच गावात फिरतो. दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात येते तेव्हा सगळ्यांनी तिचे घर, तिच्या आईचे डबे पाहिलेले असतात. मधल्या सुट्टीत कुणीतरी तिला ‘यतीम’ म्हणून हाक मारते. चार वर्षांनी तिच्या लग्नाची बोलणी निघतात तेव्हाही तो व्हिडिओ कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असतोच. सूरह बकरामध्ये (आयत २६४) उपकार बोलून दाखवून आणि दुखावून आपले दान वाया घालवू नका, अशी ताकीद आहे. त्याच सूरहमध्ये (आयत २७३) ज्या गरजूंचा उल्लेख आहे ते संकोचामुळे लोकांच्या मागे लागून मागत नाहीत, आणि न जाणणाऱ्याला ते सुखवस्तू वाटतात. अशा घरांनी जपलेला पडदा आपण त्यांच्याच नावाने मागताना ओढून काढायचा का?

म्हणून आम्ही संहिता नव्याने लिहायला बसलो. लांबी दीड मिनिट ठरवली. सावकाश मराठी बोलले तर दीड मिनिटात साधारण दीडशे शब्द मावतात, त्यामुळे एकच गोष्ट सांगता येते. ती गोष्ट रस्त्याची ठरवली. उणीव रस्त्यात आणि गाडीच्या वेळेत आहे, मुलींमध्ये नाही. आणि समोर ठेवायचा एक माणूस म्हणून आम्ही याच वाडीवरची, याच शाळेत शिकलेली एक मोठी बाई निवडली. ती आज नर्स आहे. आपल्याबद्दल काय सांगायचे आणि काय नाही, हे तिचे तिला ठरवता येते.

संहिता अशी आहे.

पहिली १५ सेकंद. पहाटेचा अंधार, वाडीचा फाटा, रिकामा रस्ता. पडद्यावर अक्षरे: ‘शाळा ७.३० ला भरते. पहिली एसटी ९.३० ला येते.’ संगीत नाही, फक्त पाखरांचा आवाज.

पुढची ३० सेकंद. नर्सच्या वेशातली ती बाई त्याच फाट्यावर उभी आहे. ती म्हणते, “मी नववीत होते तेव्हा माझे मामू मला सायकलवर सोडायचे. माझ्या वर्गातल्या चौघींना सोडायला कुणी नव्हते. त्या माझ्याहून हुशार होत्या. त्यांची शाळा आठवीतच सुटली.”

पुढची २० सेकंद. शाळेचा वर्ग, विज्ञानाचा तास. मुली फळ्यावर विद्युत परिपथ काढताहेत, एकीचा दिवा पेटत नाही म्हणून दुसरी तार तपासते. चेहरे जवळून नाहीत, हात आणि वही जवळून. एक मुलगी तो परिपथ समजावून सांगते. तिचे नाव, वाडी, घर, काहीच येत नाही.

शेवटची २५ सेकंद. मुख्याध्यापिका बोलतात: “यंदा आमच्याकडे २२ मुली या रस्त्याने येणार आहेत. व्हॅनला एका मुलीमागे महिना १,२०० रुपये लागतात. आपण एका महिन्याचे द्या, किंवा वर्षाचे १२,००० द्या. जकात वेगळी कळवा, ती वेगळी ठेवली जाते. मार्चमध्ये जमा-खर्च तुम्हाला पाठवू.” मग खाते क्रमांक.

यात मन हलवणारे वाक्य एकच आहे: “त्या माझ्याहून हुशार होत्या.” ते ऐकताना पाहणाऱ्याला आपली एखादी बहीण, आत्या, शाळेतली मैत्रीण आठवते. त्याला दया येण्याऐवजी हळहळ वाटते, आणि हळहळीला १,२०० रुपयांचा उपाय लगेच समोर मिळतो. तरीही रडणाऱ्या चेहऱ्यापेक्षा यातून पहिल्या दिवशी कमी रक्कम जमू शकते, हे आम्ही विश्वस्तांना स्पष्ट सांगितले. भाड्याचा काही भाग कमी पडला तर तो गावातल्या दुकानदारांकडे जाऊन मागायची तयारी ठेवा, असेही सांगितले. त्यांनी ते मान्य केले.

जकातीचे वाक्य मुद्दाम घातले आहे. हनफी आलिमांच्या मते जकात हकदाराच्या मालकीत जावी लागते, त्यामुळे ती इमारतीत किंवा पगारात घालता येत नाही. शाफई मसलकाच्या घरांनीही आपल्या आलिमांना विचारावे. या शाळेने पात्र घरांच्या हाती भाडे द्यायचे आणि त्यांनी ते व्हॅनवाल्याला द्यायचे, असे ठरवले आहे. बाकीच्या मुलींचे भाडे सदक्यातून जाईल. व्हिडिओत हे न सांगितले तर जकात आणि सदका एकाच खात्यात मिसळतात आणि नंतर वेगळे काढता येत नाहीत.

राहिली परवानगी. मुलींचे हात-वही दाखवायची असली तरी आवाज त्यांचा आहे, म्हणून आईवडिलांची लेखी संमती घ्यायचीच. पण मोफत शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारले तर कुठली अम्मी नाही म्हणेल? तिला वाटते, नकार दिला तर मुलीची जागा जाईल. म्हणून विचारायला फी-प्रवेशाशी संबंध नसलेली व्यक्ती पाठवावी. घरात जी भाषा बोलतात तिच्यात कागद वाचून दाखवावा, आणि नकार दिला तरी काही बिघडणार नाही, हे त्याच कागदावर लिहावे. मुलीला स्वतंत्रपणे विचारावे, आणि ती नको म्हणाली तर विषय संपला. व्हिडिओ तयार झाला की आधी त्या घरांना दाखवावा, कारण एकदा पुढे गेलेला व्हिडिओ परत बोलावता येत नाही. अनाथालयात राहणाऱ्या किंवा कुणी सांभाळणारे नसलेल्या मुलांच्या बाबतीत तर प्रश्नच उरत नाही. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र असे ओळख पटवणारे काहीही माध्यमांत देण्यास मनाई आहे.

तुमच्या मोहल्ल्यातली शाळा असा व्हिडिओ करणार असेल तर संहिता हातात घेऊन तीन गोष्टी तपासा. आवाज बंद करून फक्त चित्रे पाहिली तर पैसे कशासाठी हवेत ते कळते का? त्यातल्या मुलाच्या जागी आपला मुलगा किंवा मुलगी असती तर आपण हो म्हटले असते का? आणि ते मूल वीस वर्षांचे होईल तेव्हा आपल्या सासरच्यांसमोर, वरिष्ठांसमोर तो व्हिडिओ लावू शकेल का? पहिल्याचे उत्तर नाही असेल तर संहिता पुन्हा लिहावी लागेल. दुसऱ्या किंवा तिसऱ्याचे नाही असेल तर ते दृश्य काढून टाकायचे, मग ते कितीही चांगले चित्रित झालेले असो.