'पस सेल्स'च्या पलीकडे पाहावे

मूत्रतपासणीचा अहवाल हाती येताच आपल्यापैकी अनेकांची दृष्टी प्रथम 'पस सेल्स'च्या रकान्यावर स्थिरावते. आकडा पाचाच्या वर दिसला की जंतुसंसर्ग ठरतो आणि औषधयोजना सुरू होते. ही घाई रुग्णास महाग पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तारापूर औद्योगिक वसाहतीतील ३४ वर्षांचा एक कामगार आमच्या पालघरच्या चिकित्सालयात आला. 'युरिन इन्फेक्शन' म्हणून दोन महिन्यांत त्यास दोन वेळा प्रतिजैविके मिळाली होती. वस्तुतः दाह नव्हता, ज्वर नव्हता. मूत्रास फेस येत होता व सकाळी पापण्यांवर सूज असे. अहवालात पस सेल्स ८ ते १० होत्या. परंतु पट्टीवर नायट्राइट निगेटिव्ह, प्रोटीन ३+, ब्लड २+ आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी २० ते २५ होत्या. रक्तदाब १६०/१०० भरला.

मूत्राशयाच्या साध्या संसर्गात प्रोटीन अल्प प्रमाणात दिसू शकते, ३+ सहसा नाही. पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन दाखविते आणि ते एवढे झिरपते ते मूत्रपिंडाच्या गाळणीतून. सोबत लाल पेशी असतील तर त्याच गाळणीस शोथ असल्याचा संशय बळावतो. अशा शोथात पांढऱ्या पेशीही मूत्रात उतरतात. म्हणून पस सेल्स म्हणजे संसर्गच, असे समीकरण मांडता येत नाही. नायट्राइट निगेटिव्ह असल्याने संसर्ग पूर्णतः नाकारता येत नाही, हेही खरे. त्याचा निर्णय लक्षणे व कल्चर यांवर करावा. आमच्या रुग्णाचे कल्चर निर्जंतुक आले.

नंतर आम्ही सकाळच्या पहिल्या मूत्राचा मधल्या धारेचा नमुना घेऊन तासाभरात तपासविला. त्यात लाल पेशींचे 'कास्ट' आढळले. हे साचे मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतच घडतात, त्यामुळे रक्ताचा उगम निश्चित झाला. पूर्वीचा नमुना उन्हाळ्यात कित्येक तास पडून राहिला होता. अशा नमुन्यात पेशी व कास्ट विरघळतात. मग पट्टीवर रक्त दिसते, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पेशी दिसत नाहीत. ताज्या नमुन्यातही अशीच विसंगती असेल आणि भट्टीपाशी कष्ट केलेल्या कामगाराचे मूत्र काळपट असेल, तर ते स्नायूंतील रंगद्रव्य असू शकते. त्यास तत्काळ रुग्णालयात धाडावे.

आमच्या रुग्णाचे क्रिएटिनिन १.८ होते. मूत्रपिंडतज्ज्ञांकडे बायॉप्सीत आयजीए नेफ्रोपथी निघाली व योग्य उपचार सुरू झाले.

ज्वर वा श्रमानंतरचे किंचित प्रोटीन आठवड्याने पुन्हा तपासावे. चाळिशीनंतर वेदनारहित रक्त दिसल्यास अर्बुदाची शंका घेऊन मूत्ररोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. परंतु प्रोटीन व रक्त एकत्र दिसताच रक्तदाब मोजावा, क्रिएटिनिन करवावे आणि निदान होईपर्यंत वेदनाशामके व पारदयुक्त रसकल्प थांबवावेत. औषधविक्रेते बंधूंनीही असा अहवाल पाहून केवळ मूत्रल सिरप देऊ नये.