शुहूर सनाचा तक्ता आणि अखेरीचा रकाना

१/ मराठेशाहीच्या कागदांत वर्ष बहुधा शुहूर सनाने येते, तेही अरबी अंकनामांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, अर्थात ११६१. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा पालटते; म्हणूनच त्यास मृगसाल म्हणतात.

२/ ‘सहाशे मिळवा, इसवी सन मिळेल’ हे सूत्र सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे ११६१ + ६००. परंतु अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा, शुहूर १०६० मधला. तेथे ५९९ च मिळवावे लागतात. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६००.

३/ म्हणून सूत्रापेक्षा तक्ता बरा. रीत सोपी आहे : आरंभाच्या रकान्यात आपल्या तारखेच्या पुढे न जाणारा शेवटचा आरंभ शोधावा, तेच वर्ष. अखेरीचा रकाना मात्र गाळावा, कारण एका वर्षाची अखेर म्हणजे पुढच्याच्या आरंभाचा आदला दिवस. दोन्ही रकाने वेगवेगळे भरले की कुठे २४ मे दोन्ही वर्षांत येतो, तर कुठे एकातही नाही.

४/ खरा धोका निराळाच आहे. शुहूर १०७५ चा आरंभ जुन्या, म्हणजे जूलियन गणनेने २४ मे १६७४ च्या सुमाराचा. नव्या ग्रेगोरियन गणनेने ३ जूनचा. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी गणना पाळत होते. पोर्तुगिजांनी नवी १५८२ मध्येच स्वीकारली होती.

५/ समजा, सुरतेच्या इंग्रज वखारीतील आणि गोव्यातील अशा दोन पत्रांवर ‘२८ मे १६७४’ हीच तारीख आहे. इंग्रजी पत्र २४ मे नंतरचे, म्हणून १०७५ मधले. पोर्तुगीज पत्र ३ जूनच्या आधीचे, म्हणून १०७४ मधले. तारीख एक, वर्षे दोन.

६/ ही चूक सहसा उघडकीस येत नाही. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही जुन्या गणनेची तारीख चुकून नव्या गणनेच्या तक्त्यात पाहिली, तरी उत्तर १०७५ च येते. चूक फक्त सीमेलगतच्या दहा दिवसांत होते. तेव्हा तक्ता पारखायचा तो प्रसिद्ध तारखांवर नव्हे, मे-जूनमधील कागदांवर.

७/ त्यात सीमाही स्थिर नाही. नव्या गणनेने ती १६७४ मध्ये ३ जूनच्या आसपास होती; आज मृग ७-८ जूनला लागते. आजच्या पंचांगावरून जुना तक्ता रचणे म्हणूनच गैर. ज्या तक्त्याच्या माथ्यावर गणना कोणती हे लिहिलेले नाही, त्याच्या आधारे मे-जूनमधील कोणत्याही पत्राचे साल निश्चित मानू नये.